बेल्ट थांबला, बॅग आलीच नाही

पहाटेचे तीन. मुंबई विमानतळावर लंडनहून दुबईमार्गे आलेले एक जोडपे बेल्टपाशी उभे आहे, असे समजू. ट्रॉलीवर दोन बॅगा चढल्या, तिसरी येईना. बेल्टवर अशीच काळी, पण दुसऱ्याच नावाची बॅग चौथी फेरी मारते आहे. मग बेल्ट थांबतो. बाहेर मुलगा गाडी घेऊन आलेला, फोनवर फोन करतोय. "चला, घरी जाऊन बघू," असे म्हणण्याचा मोह नेमका याच क्षणी होतो आणि पुढच्या बहुतेक कटकटींची सुरुवातही इथेच होते. कस्टम्स ओलांडून एकदा बाहेर पडले की प्रवाशाला सहसा परत आत येता येत नाही, आणि तक्रारीचा काउंटर तर आतच राहतो.

काउंटरवर भरायच्या कागदाला पीआयआर म्हणतात. सामान आले नाही, फुटले किंवा त्यातले काही गेले, तर त्याची ही पहिली नोंद. वाटेत विमान कंपनी बदलली असेल, तर ज्या कंपनीने मुंबईत उतरवले तिच्याच माणसाला गाठायचे. लंडनला बॅग कोणी घेतली याचा शोध प्रवाशाने घेत बसायचा नाही. चौथी फेरी मारणाऱ्या त्या परक्या बॅगेकडेही बोट दाखवावे. तिचा मालक आपली समजून यांची बॅग घेऊन गेला असण्याची शक्यता बरीच असते, आणि तिच्या टॅगवरून कंपनी त्याला फोन करू शकते.

कर्मचारी आधी सामानाचा टॅग मागतो. चेक-इनच्या वेळी बोर्डिंग पासला चिकटवलेला तो चिटोरा अनेकजण विमानातच टाकून देतात. त्यावर दहा आकडी क्रमांक असतो आणि त्यातले तीन आकडे विमान कंपनीची ओळख सांगतात. मग चित्रांचा एक तक्ता पुढे येतो. त्यावर बोट ठेवून रंग आणि प्रकार सांगायचा: कडक की कापडी, उभी की आडवी, चाके आहेत का. "काळी, मध्यम" एवढ्याने भागत नाही, कारण निम्म्या बॅगा तशाच असतात. आत काय आहे, हे सांगितलेले जास्त उपयोगी. बाहेरचा टॅग फाटला असेल तर बॅग उघडून पाहतात, आणि निळी पैठणी किंवा गोडा मसाल्याचे पाकीट हीच मग तिची ओळख ठरते.

ही माहिती जगभरच्या विमान कंपन्या वापरतात त्या 'वर्ल्डट्रेसर' यंत्रणेत जाते. प्रवाशाच्या हाती येतो एक क्रमांक, उदाहरणार्थ BOMXX12345. पहिली तीन अक्षरे विमानतळाची, पुढची दोन कंपनीची, बाकी आकडे त्या तक्रारीचे. तो क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. घरचा पत्ता आणि चालू असलेला फोन नंबर कागदावर बरोबर उतरला आहे ना, हेही तिथेच वाचून घ्यावे.

परदेशातून आलेल्यांसाठी आणखी एक शिक्का असतो, तो फारसा कोणाला माहीत नसतो. सामान मागे राहिल्याचा दाखला कंपनीकडून घ्यायचा आणि करमाफीची किती मर्यादा वापरायची उरली, हे लिहून त्यावर कस्टम्सची सही घ्यायची. बॅग चार दिवसांनी आली, तर उरलेली सवलत तिला लागू होते.

फुटलेल्या बॅगेचे प्रकरण अधिक नाजूक असते. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू होणाऱ्या 1999 च्या माँट्रियल करारानुसार, प्रवाशाने तक्रार न करता सामान स्वीकारले की ते सुस्थितीत मिळाले असे प्रथमदर्शनी मानले जाते. नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत करता येते, पण घरी गेल्यावर बॅग जिन्यावरून पडली नाही हे कसे दाखवणार? म्हणून बेल्टपाशीच फोटो काढावा, मागे बेल्टचा नंबर दिसेल असा. निव्वळ ओरखडे किंवा तुटलेले चाक अनेक कंपन्या किरकोळ झीज म्हणून नाकारतात. तरी नोंद करून ठेवावी.

कॅनडाचे गायक डेव्ह कॅरल यांना 2008 मध्ये हे महागात पडले. युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात त्यांची गिटार मोडली. चोवीस तासांत दावा केला नाही, या कारणावरून कंपनीने भरपाई नाकारली. पुढच्या वर्षी त्यांनी त्यावर गाणे रचले आणि ते जगभर पाहिले गेले. प्रत्येकाला गाणे रचता येत नाही!

उशिरा मिळालेल्या बॅगेसाठी लेखी दाव्याची मुदत ती हाती आल्यापासून 21 दिवसांची आहे. 21 दिवसांत आलीच नाही, तर हरवल्याचे समजून भरपाई मागता येते. डिसेंबर 2024 पासून तिची कमाल मर्यादा माणशी 1,519 एसडीआर, म्हणजे साधारण 2,000 डॉलर आहे. पीआयआर मात्र दावा नव्हे. तो नंतर त्या क्रमांकासह वेगळा, लेखी करावा लागतो; मधल्या काळात घेतलेल्या कपड्यांच्या आणि दाढीच्या सामानाच्या पावत्याही त्यालाच जोडायच्या.

मुलाला बाहेर आणखी अर्धा तास थांबावे लागेल. त्याला तसे फोनवर सांगून टाकावे.