दह्याच्या प्लेटवरच्या ८४ कॉलनी

(लेखांक ५)

दह्यातले जिवंत जिवाणू मोजण्याचे प्रात्यक्षिक सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचयाचे आहे. जर्नलमध्ये ते बहुधा दोन ओळींत उरकले जाते: ‘नमुना सलाइनमध्ये विरळ करून एमआरएस अगारच्या प्लेटवर निर्जंतुक पद्धतीने पसरवला, ३७ अंशांना ४८ तास ठेवला. एक लाखपट विरलनाच्या प्लेटवर ८४ कॉलनी आल्या.’ यात खोटे काहीच नाही, पण दह्यात ग्रॅममागे किती जिवाणू होते, हे या ओळींवरून सांगता येत नाही. १ ग्रॅम दही ९ मिली सलाइनमध्ये घातले की ते दहापट विरळ होते. तसेच एकापुढे एक करत पाचव्या नळीत ते लाखपट विरळ होते. त्या नळीतले ०.१ मिली प्लेटवर पसरले, तर प्लेटवर मिलीचा दहावाच भाग गेला, म्हणून ८४ ला आधी १० ने आणि मग १ लाखाने गुणायचे. उत्तर येते ८ कोटी ४० लाख. पण ‘एक लाखपट’ हा आकडा लिहिणाऱ्याने प्लेटवरचे ०.१ मिली हिशेबात धरूनच काढला असेल, तर उत्तर ८४ लाख. दहापटीचा हा फरक प्रयोगातला नाही, लिखाणातला आहे. ‘पाचव्या नळीतले ०.१ मिली’ एवढे लिहिले असते, तर शंकेला जागा उरली नसती.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की दही हा सजीव पदार्थ. आजचे विरजण वेगळे, उद्याचे वेगळे. आकडा बदलणारच, मग एवढी काटेकोर नोंद कशासाठी? खरे तर आकडा बदलतो म्हणूनच ही नोंद हवी. दोघांच्या आकड्यांतला फरक दह्यामुळे पडला की हातामुळे, हे दुसऱ्या कोणत्याच मार्गाने कळत नाही. दह्यातले कितीतरी जिवाणू साखळी करून राहतात, आणि न तुटलेल्या साखळीची प्लेटवर एकच कॉलनी होते. पहिली नळी एकाने दोनदा हलवली आणि दुसऱ्याने व्हॉर्टेक्सवर मिनिटभर फिरवली, तर एकाच वाटीतल्या दह्याचे दोन आकडे येऊ शकतात. सलाइनचेही तसेच. नळ्यांत ९ मिली भरून मग ऑटोक्लेव्ह केल्या, तर थोडे पाणी उडते. पाचही नळ्यांत ८.५ मिलीच उरले असे धरा. मग दर पायरीला दही दहापट नव्हे, साडेनऊपट विरळ होते आणि ८ कोटी ४० लाखांच्या जागी खरा आकडा साधारण साडेसहा कोटी निघतो. म्हणून सलाइन ऑटोक्लेव्हच्या आधी भरले की नंतर निर्जंतुक पिपेटने भरले, हे लिहायला हवे. प्रत्येक नळीला नवी टिप घेतली का, हेही; जुन्या टिपेला चिकटलेले दाट द्रावण पुढच्या नळीत उतरते आणि आकडा फुगतो.

‘निर्जंतुक पद्धतीने’ हे शब्द मला सर्वांत जास्त खटकतात. तो दावा आहे. कृती आणि पुरावा दोन्ही त्यात नाहीत. कृती अशी लिहावी: मीडिया किती मिलीच्या फ्लास्कमध्ये, १२१ अंशांना किती मिनिटे ठेवला. नळीभर द्रावणाला १५ मिनिटे पुरतात; भरलेल्या मोठ्या फ्लास्कचा मधला भाग तापायलाच वेळ लागतो, त्यामुळे नुसते ‘१५ मिनिटे’ अपुरे ठरते. काचेचा स्प्रेडर अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवर धरला, एवढ्यावर थांबू नये. तो कसा थंड केला हेही सांगावे, कारण गरम काच नमुन्यातलेच जिवाणू मारते आणि आकडा गुपचूप घटतो. पुरावा मात्र कंट्रोल प्लेटच देतात. एका प्लेटवर काहीच घालायचे नाही. तिच्यावर काही उगवले तर दोष मीडियात किंवा प्लेटमध्ये. दुसरीवर नुसते सलाइन पसरायचे. फक्त तिच्यावरच कॉलनी आल्या तर संशय सलाइन, पिपेट आणि स्प्रेडरवर. तिसरी काम चालू असेपर्यंत टेबलावर उघडी ठेवायची. हवेतून काय पडते ते ती दाखवते. अर्थात एमआरएसवर न वाढणारा जंतू या तिन्हींना चुकवून जाऊ शकतो.

एवढे सगळे लिहायचे तर पद्धतीचा भागच चार पाने होईल, असे कोणी म्हणेल. तसे होत नाही. मीडियाच्या बाटलीवरच्या सूचना उतरवायची गरज नाही. कंपनी, मीडियाचे नाव आणि ‘सूचनेप्रमाणे’ पुरे. बर्नर कसा पेटवला, हात कसे धुतले, हेही सोडून द्यावे. जी गोष्ट बदलल्यास कॉलनींची संख्या किंवा कंट्रोलचा निकाल बदलेल, तेवढीच लिहावी. वरचे प्रात्यक्षिक या कसोटीने लिहिले तर दोन ओळींच्या आठ-दहा ओळी होतात. त्यांत तिन्ही कंट्रोलचे आकडे निकालाशेजारी द्या, आणि काही उगवले नसेल तर जागा कोरी न सोडता तिथे ० लिहा.