सौम्य आम्ल आणि पातळ आम्ल

टेबलावर दोन बाटल्या आहेत. एकीत हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसरीत व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल, आणि दोन्हींची संहती ०.१ मोलर. तरी पहिल्याचा सामू, म्हणजे pH, १ भरतो आणि दुसऱ्याचा २.८७. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी इथेच अडखळतात, कारण ‘सौम्य’ म्हणजे पाणी घालून पातळ केलेलं, असा त्यांचा समज असतो. पातळपणा द्रावणाचा असतो. सौम्यपणा रेणूच्या स्वभावात असतो. हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळजवळ सगळे रेणू पाण्यात फुटून H⁺ देतात. या बाटलीतल्या ॲसेटिक आम्लाच्या हजार रेणूंपैकी जेमतेम तेरा फुटतात, बाकीचे अखंड राहतात.

हा स्वभाव मोजणारा आकडा म्हणजे विचरण स्थिरांक:

Ka = [H⁺][CH₃COO⁻] / [CH₃COOH]

ॲसेटिक आम्लासाठी २५ अंश सेल्सिअसला तो 1.8 × 10⁻⁵ आहे. आता ते तेरा कुठून आले ते पाहू. फुटलेल्या आम्लाची संहती x धरली, तर H⁺ आणि ॲसिटेट दोन्ही x, आणि न फुटलेलं उरतं 0.1 − x. x फारच लहान असणार, म्हणून खाली 0.1 च ठेवू:

x² = 1.8 × 10⁻⁵ × 0.1 = 1.8 × 10⁻⁶
x = 1.34 × 10⁻³
pH = −log x = 2.87

x लहान धरला खरा, पण तो तसा निघाला का, हे तपासलंच पाहिजे. स्लाइडवरून उतरवून घेताना नेमकी हीच ओळ गळते. इथे x हा ०.१ च्या १.३ टक्के आहे. पाच टक्क्यांच्या आत असला तर चालतं. हेच आम्ल ०.००१ मोलर घेतलं, तर याच रीतीने १३ टक्के येतात. तिथे ही सोय सोडून वर्गसमीकरणच सोडवावं लागतं. पातळ केल्यावर रेणूंचा मोठा वाटा फुटतो, पण Ka तोच राहतो.

दुसरं उदाहरण ०.१ मोलर अमोनियाचं. हा आम्लारी पाण्याकडून H⁺ घेतो आणि OH⁻ मोकळा करतो. योगायोगाने त्याचा Kb सुद्धा 1.8 × 10⁻⁵ आहे, त्यामुळे गणित अक्षरशः तेच:

[OH⁻] = 1.34 × 10⁻³
pOH = 2.87
pH = 14 − 2.87 = 11.13

पुष्कळ जण २.८७ वरच थांबतात आणि तोच सामू म्हणून लिहितात. चूक ओळखायला गणित पुन्हा करायची गरज नाही. अमोनियाच्या द्रावणात लाल लिटमस निळा होतो, आणि २.८७ सामूच्या कुठल्याही द्रावणात तो लालच राहिला असता.