उसातला वारा आणि मायक्रोफोनातला वारा

बेलापूर परिसरातल्या वयस्क बायकांकडून जात्यावरच्या ओव्या कॅमेऱ्यावर टिपण्याचे काम मी काही वर्षे करतो आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभरातून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामापुढे माझा खटाटोप एवढासा. ध्वनिमुद्रण मला कोणी शिकवले नाही. जे कळले ते चुकांतून, आणि त्यातली सर्वांत महाग चूक वाऱ्याची.

आषाढातली दुपार होती. प्रवरेच्या काठच्या एका वस्तीवर, उसाच्या कडेला, आजी खाटेवर बसून चौदा ओव्या म्हणाल्या. कॅमेरा दोन मीटरवर तिकाटण्यावर होता आणि आवाज कॅमेऱ्याच्याच मायक्रोफोनने घेतला जात होता. कॅमेऱ्याच्या लहानशा स्पीकरवर ऐकले तेव्हा सारे ठीक वाटले. घरी हेडफोन लावला तर ओव्यांवर धाडधाड, भडभड असा आवाज. लहान स्पीकर खालचे स्वर वाजवूच शकत नाही, आणि वाऱ्याचा मारा तर बहुतांशी तिथेच असतो, साधारण दोनशे हर्ट्झच्या खाली. म्हणून जागेवर मला काही कळले नाही.

इथे दोन वारे वेगळे करायला हवेत. उसाच्या पातीची सळसळ हा खरा आवाज आहे. तो आपल्या कानालाही ऐकू येतो आणि चित्रणात राहिला तर शोभतो. धडधड मात्र त्या शेतात नव्हतीच. वाहती हवा मायक्रोफोनच्या जाळीवर आदळते, तिथे भोवरे होतात आणि त्यांचा दाब थेट पडद्याला ढकलतो. कानाला मंद वाटणारी झुळूकही पडद्याला पुरेशी होते. एका दिशेचा आवाज टिपणारे मायक्रोफोन सर्व दिशांच्या मायक्रोफोनपेक्षा या माऱ्याला लवकर बळी पडतात.

उपाय भोवरे पडद्यापासून दूर नेण्याचा. स्पंजची टोपी थोडे काम करते, पण मोकळ्या रानात ती पुरत नाही. लांब केसांचे कव्हर, ज्याला परदेशी रेकॉर्डिस्ट ‘डेड कॅट’ म्हणजे मेलेले मांजर म्हणतात, (आमच्या आजी त्याला बघून ‘हे काय कुत्र्याचं पिलू बांधलंय?’ म्हणाल्या,) हवेचा वेग केसाकेसात हळूहळू मारते. आवाजाच्या लहरी मात्र त्यातून जवळजवळ तशाच जातात. केस आणि जाळी यांच्यामध्ये थोडी मोकळी हवा राहिली तर गुण अधिक. म्हणून घट्ट ताणून बसवू नये. केस भिजले किंवा चिकटून लोळे झाले की काम संपले. मी खिशात जुना कंगवा ठेवतो.

लो-कट हा दुसरा उपाय. तो ठरावीक मर्यादेखालचे स्वर कमी करतो. बायकांच्या आवाजाचा पाया बहुधा दीडशे हर्ट्झच्या वर असतो, म्हणून ओवीसाठी शंभरवर लो-कट लावायला हरकत नाही. पुरुषाचा जाड आवाज त्याच्याही खाली उतरतो, आणि जात्याच्या घरघरीतला जडपणाही तिथेच असतो. तो हवा असेल तर लो-कट जपून. आणखी एक अट: वाऱ्याने आवाज एकदा मर्यादेबाहेर फुटला की नंतर संगणकावर कितीही कापा, फुटलेली ओळ सांधत नाही. माझ्या चौदांपैकी सहा ओव्या अशा गेल्या. लो-कट फुटण्याच्या आधी, मायक्रोफोनवरच असावा. कॅमेऱ्यातली ‘वारा कमी करा’ अशी सोय पुष्कळदा त्यानंतर काम करते.

पण सर्वाधिक फरक पडला तो जागेने. पुढच्या खेपेला मी सकाळी सातला गेलो. तेव्हा वारा पडलेला असतो. आजींना घराच्या पूर्व भिंतीशी जमिनीवर बसवले, कारण वारा पश्चिमेचा आणि जमिनीलगत तो मंद. भिंतीच्या कोपऱ्यापासून मात्र दूर, तिथे वारा वळसा घालून घुमतो. केसाळ टोपीचा मायक्रोफोन कॅमेऱ्यावरून काढून, वायर लावून, तोंडापासून अर्ध्या मीटरवर खाली चौकटीबाहेर ठेवला. अंतर निम्मे झाले की आवाज सहा डेसिबल वाढतो. दोन मीटरचे अर्धा केले म्हणजे बारा. तेवढी पातळी कॅमेऱ्यात उतरवली, म्हणजे उरलासुरला वाराही तेवढाच खाली गेला. पदराआड छोटा मायक्रोफोन लावूनही पाहिला होता. वारा थांबला, पण लुगड्याची खसखस आली.

हेडफोन कानावरून काढला नाही. आवाज नसताना पातळीचा काटा उसळला की समजायचे, वारा शिरला. दोनदा थांबून टोपी सारखी केली.

त्या सकाळी आजींना नऊच ओव्या आठवल्या. फुटलेल्या सहांपैकी दोन त्यात होत्या. उरलेल्या चार मी पहिल्या चित्रणातून ओठांच्या हालचाली बघत, त्यांच्या लेकीला शेजारी बसवून लिहून काढल्या. तिसऱ्या ओवीतला एक शब्द अजून रिकामा आहे.