उधारीआधीचे तीन फोन आणि बँकेचे एक पत्र

१९५८ साली लंडनमधल्या हेडली बर्न या जाहिरात कंपनीला तिच्या एका ग्राहकाबद्दल चिंता वाटू लागली. ईझीपॉवर असे त्या ग्राहक कंपनीचे नाव. तिच्यासाठी टीव्हीवरची वेळ आणि वर्तमानपत्रांतली जागा हेडली बर्नने स्वतःच्या जबाबदारीवर घ्यायची होती. म्हणजे ईझीपॉवरने पैसे थकवले, तर ते हेडली बर्नच्या खिशातून जाणार होते. म्हणून त्यांनी आपल्या बँकेमार्फत ईझीपॉवरच्या बँकेकडे चौकशी केली. ऑगस्टमध्ये पहिला फोन झाला, तो आठ-नऊ हजार पौंडांच्या कामापुरता. उत्तर चांगले आले. नोव्हेंबरमध्ये दुसरी चौकशी झाली, तेव्हा आकडा होता वर्षाला १ लाख पौंड.

या वेळी हेलर अँड पार्टनर्स या बँकेने लेखी उत्तर पाठवले. त्यात मोजून तीन गोष्टी होत्या. कंपनी रीतसर स्थापन झालेली आहे. तिच्या नेहमीच्या व्यवहारापुरती ती चांगली मानली जाते. आणि तुम्ही सांगता ते आकडे आमच्या नेहमी पाहण्यात येतात त्यांहून मोठे आहेत. पत्राच्या माथ्यावर आणखी एक ओळ होती: हे फक्त तुमच्या खासगी माहितीसाठी आहे, बँकेवर याची जबाबदारी नाही.

हेडली बर्नने काम चालू ठेवले. पुढे ईझीपॉवर बुडाली आणि हेडली बर्नचे १७ हजारांहून अधिक पौंड गेले. त्यांनी बँकेवर दावा लावला. १९६३ मध्ये तो हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचला. निष्काळजीपणे दिलेल्या माहितीवर विसंबून कोणाचे नुकसान झाले, तर माहिती देणारा जबाबदार ठरू शकतो, असे महत्त्वाचे तत्त्व त्या निकालाने घालून दिले. जगभरचे कायद्याचे विद्यार्थी ते आजही शिकतात. हेडली बर्नला मात्र एक पैसाही मिळाला नाही, कारण पत्राच्या माथ्यावरची ती ओळ बँकेच्या कामी आली.

वकिलांना या खटल्यातले तत्त्व महत्त्वाचे वाटते. व्यापाऱ्याने पाहावे ते त्या पत्रातले तिसरे वाक्य. बँक कधीच ‘या पार्टीला उधार देऊ नका’ असे लिहीत नाही. ग्राहकाची गुप्तता पाळणे तिला बंधनकारक असते. पण ‘आकडे मोठे आहेत’ हे बँकेच्या भाषेत नकाराच्या फार जवळचे उत्तर आहे. विचारणाऱ्याने रक्कम सांगितली म्हणून ते मिळाले. नुसते ‘पार्टी कशी आहे?’ असे विचारले असते, तर पहिली दोन वाक्येच हाती आली असती.

हीच चौकशी आपल्याकडे रोज होते. फक्त बहुतेक वेळा ती अर्धवट होते. एक नमुना घेऊ. यातली माणसे आणि पेढ्या काल्पनिक आहेत, पण व्यवहाराची रीत खरी आहे. समजा, इचलकरंजीतल्या एका कापड उत्पादकाकडे परराज्यातली एक नवी फर्म येते. तिला ९ लाखांचे ग्रे कापड हवे आहे, ४५ दिवसांच्या उधारीवर. भाव मान्य, घासाघीस नाही, माल लवकर पाठवा एवढाच आग्रह. उत्पादकाला सगळा खर्च वजा जाता शंभर रुपयांमागे तीन रुपये सुटतात. ही ९ लाखांची रक्कम बुडाली, तर ती भरून काढायला त्याला ३ कोटींचे कापड विकावे लागेल. तेव्हा चौकशीत दोन दिवस गेले तर जाऊ द्यावेत.

पहिले पाऊल कागदाचे. नव्या पार्टीकडून जीएसटी क्रमांक, पॅन, रद्द केलेला चेक आणि सध्या ज्यांच्याकडून ती उधारीवर माल घेते अशा तीन पुरवठादारांची नावे मागायची. पंधरा अक्षर-अंकांच्या जीएसटी क्रमांकातले पहिले दोन अंक राज्य सांगतात, त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. पॅनमधले चौथे अक्षर पी असेल तर मालक एकटी व्यक्ती आहे, एफ असेल तर भागीदारी आणि सी असेल तर कंपनी. म्हणजे बिलावर ‘कंपनी’ लिहिणारा प्रत्यक्षात एकटाच धंदा करतो का, हे तिथेच कळते. जीएसटीच्या पोर्टलवर हा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे आणि विवरणपत्रे कोणत्या तारखांना भरली, हे कोणालाही पाहता येते. ‘पंधरा वर्षांचा धंदा’ सांगणाऱ्या पार्टीची नोंदणी चार महिन्यांपूर्वीची असेल, तर आधी त्याचा खुलासा मागायचा. वडिलांचा धंदा मुलाने नव्या नावाने सुरू केला, असे रास्त कारणही असू शकते. मग जुन्या फर्मचा क्रमांक घेऊन तोही तपासायचा.

दुसरे पाऊल पुरवठादारांना फोन करण्याचे. इथे बहुतेकांचा एकच प्रश्न असतो आणि त्याला एकच उत्तर येते: ‘पार्टी चांगली आहे.’ त्यातून काहीच कळत नाही. विचारायचे ते असे: किती दिवसांपासून माल देता? आगाऊ पैसे घेऊन की उधारीवर? एका वेळी जास्तीत जास्त किती रक्कम बाहेर होती? मुदत किती ठरली होती आणि पैसे प्रत्यक्षात किती दिवसांनी आले? आज किती बाकी आहे, त्यातली मुदत उलटलेली किती? शेवटी, तुमचे त्यांच्याशी नाते किंवा भागीदारी आहे का?

आपल्या उत्पादकाने तीन फोन केले असे धरू. पहिला सूतवाला म्हणाला, दोनदा माल दिला, १ लाख २० हजारांचा, पैसे वीस दिवसांत आले. दुसऱ्याने तोंडभरून स्तुती केली. पण त्याचा जीएसटी क्रमांक पाहिला तर नोंदणी ग्राहकाच्याच महिन्यातली आणि पत्ता त्याच इमारतीतला निघाला. तिसरा कापडावर प्रक्रिया करणारा. तो म्हणाला, वर्षभर काम करतो, कधीच तक्रार नाही. पण खोदून विचारल्यावर कळले, की तो मजुरी रोख घेतल्याशिवाय माल सोडतच नाही. त्याने उधार कधी दिलेच नाही, तर उधारीबद्दल त्याचे मत काय कामाचे?

तिन्ही फोनांचा निष्कर्ष एका ओळीत मावतो. या पार्टीवर आजवर कोणी १ लाख २० हजारांपेक्षा जास्त विश्वास टाकल्याचा पुरावा नाही, आणि ती मागते आहे त्याच्या साडेसातपट.

या पटीकडे डोळे लावून बसायचे कारण आहे. उधारीतली जुनी फसवणूक याच वाटेने येते. नवी फर्म काढायची, चार-पाच पुरवठादारांकडून लहान लहान माल घ्यायचा आणि पैसे वेळेआधी द्यायचे. मग हेच पुरवठादार पुढच्यांसाठी संदर्भ होतात. ते खोटे बोलत नसतात. त्यांना खरोखरच पैसे वेळेवर मिळालेले असतात. सणाच्या तोंडावर सगळ्यांकडून एकाच आठवड्यात मोठा माल उचलायचा, तो मिळेल त्या भावाला विकायचा आणि दुकानाला कुलूप लावायचे. म्हणून भाव न करणारा ग्राहक आणि अचानक कित्येक पटींनी वाढलेली ऑर्डर ही दोन चिन्हे एकत्र दिसली, की माल थांबवायचा.

आता बँकेकडे वळू. रद्द केलेल्या चेकवर खात्याचे छापील नाव, क्रमांक आणि शाखेचा आयएफएससी कोड असतो. खात्याचे नाव जीएसटी नोंदणीतल्या कायदेशीर किंवा व्यापारी नावाशी जुळले पाहिजे. शाखा कुठली, तेही पाहायचे. धंदा एका राज्यात आणि खाते दूरच्या दुसऱ्याच राज्यात असेल, तर कारण विचारायचे. पहिल्या व्यवहाराचे पैसे याच खात्यातून आले का, हेही तपासायचे. तिसऱ्याच नावाच्या खात्यातून पैसे आले, तर ज्याला आपण तपासले तो आणि जो पैसे देतो तो, ही दोन वेगळी माणसे असू शकतात.

बँकेचा अभिप्राय हवा असेल, तर ग्राहकाकडून लेखी संमती घेऊन आपल्या बँकेमार्फत त्याच्या बँकेला विचारणे हा सरळ मार्ग. शिल्लक किती, हे बँक सांगणार नाही आणि ते विचारूही नये. खाते कधीपासून आहे, अमुक रकमेच्या अमुक दिवसांच्या उधारीसाठी ही पार्टी योग्य आहे का आणि चेक न वटल्याचा अनुभव आहे का, एवढेच विचारायचे. उत्तर मोघम येईल. मोघम उत्तरात काय लिहिले आहे यापेक्षा आपण विचारलेल्या रकमेबद्दल काय लिहायचे टाळले आहे, हे वाचायचे असते. संमतीपत्रावर सही करायला पार्टीने नकार दिला, तर तोही उपयोगी पडणारा अभिप्राय आहे.

ग्राहक नोंदणीकृत कंपनी असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर आणखी एक गोष्ट दिसते: तिच्या मालमत्तेवर कोणाचा बोजा आहे. बँकेने गोदामातला साठा आणि येणे रक्कम तारण ठेवून कर्ज दिले असेल, तर कंपनी बुडाल्यावर त्यावर पहिला हक्क बँकेचा. उधारीवर माल देणाऱ्याचा क्रमांक त्यानंतर लागतो, मग गोदामात त्याचेच कापड पडलेले का असेना. तारण कर्ज असणे हा दोष नव्हे, चालत्या कंपन्यांना ते लागतेच. मात्र वसुलीच्या वेळी आपण कुठे उभे असू, हे त्यावरून कळते.

या चौकशीला मर्यादा आहेत. ग्राहक संदर्भ देताना ज्यांचे पैसे वेळेवर दिले त्यांचीच नावे देतो. त्यामुळे त्याने न दिलेले एक तरी नाव दलालाकडून किंवा बाजारातून शोधून फोन करायचा. शिवाय हे सगळे कागद कालपर्यंतची स्थिती सांगतात. उद्या बाजार पडला तर चांगली पार्टीही थकते. हमी म्हणून घेतलेला पुढच्या तारखेचा चेक न वटल्यास कायद्याने खटला करता येतो. त्यासाठी चेक परतल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. पण खटला म्हणजे वसुली नव्हे.

म्हणून इचलकरंजीच्या त्या उत्पादकाने ‘हो’ की ‘नाही’ एवढाच विचार करू नये, आकडा ठरवावा. पहिल्या खेपेला दीड लाखाचा माल ३० दिवसांच्या मुदतीवर, त्यापलीकडे लागेल तो आगाऊ पैशांवर. ही मर्यादा पार्टीला लेखी कळवायची. दोन-तीन खेपांचे पैसे वेळेवर आले, तर ती टप्प्याने वाढवायची, पण एका उडीत दुप्पट करायची नाही. खरा व्यापारी अशा अटीवर थोडा कुरकुरेल आणि काम सुरू करेल. ९ लाखांचा माल घेऊन पळायला आलेला दुसरी पेढी शोधेल.

आणि असाच फोन उद्या तुमच्या पेढीवर येईल, कोणीतरी तुमच्या ग्राहकाबद्दल विचारेल. तेव्हा ‘चांगली पार्टी आहे’ म्हणून फोन ठेवू नका. खातेवही उघडा आणि कधीपासून, किती रकमेपर्यंत, किती दिवसांत एवढे तीन आकडे सांगा. सांगायचे नसतील, तर सांगता येत नाही असे स्पष्ट म्हणा. विचारणाऱ्याला दोन्ही उत्तरे उपयोगी पडतात.