सहा की आठ? बोलण्याच्या गुणांचा मागोवा

केंब्रिजने 1913 मध्ये इंग्रजीची प्रोफिशियन्सी परीक्षा सुरू केली, तेव्हा उच्चारशास्त्राचा दीड तासाचा लेखी पेपर होता. तोंडी परीक्षेत श्रुतलेखन, प्रकटवाचन आणि थोडा संवाद. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. त्या काळी उच्चार हा अभ्यासाचा विषय होता; समोरच्याला आपलं बोलणं कळतं का, हा प्रश्न परीक्षेत फार उशिरा आला.

आपल्याकडची मुलं ज्या आयईएल्टीएससाठी धडपडतात, ती 1989 ची. सुरुवातीला परीक्षक बोलण्याला एकूण अंदाजाने एकच बँड देई. 2001 मध्ये त्याचे चार भाग झाले: ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार. चारही सारख्याच वजनाचे. ही सुधारणा मोठी होती, पण तिच्यात एक खोट राहिली. बाकी तिघांना नऊ बँड, उच्चारांना मात्र फक्त दोन, चार, सहा आणि आठ.

समजा, एखादी मुलगी ओघात 6, शब्दसंपदेत 7, व्याकरणात 6 मिळवते. तिचा उच्चार सहाच्या वर, आठच्या खाली आहे. परीक्षकाने 6 दिले तर सरासरी 6.25, आठ दिले तर 6.75. तिच्या बोलण्यात काहीही बदल न होता अर्ध्या बँडचा फरक पडतो, आणि विद्यापीठाचा प्रवेश तेवढ्यावर अडू शकतो. 2008 मध्ये उच्चारांनाही मधले बँड मिळाले. आता तिला 7 देता येतात, सरासरी 6.5. माझ्या मते 2001 पेक्षा हा बदल जास्त न्याय्य होता, कारण बहुतेक उमेदवार याच मधल्या पट्ट्यात असतात.

तिथे नेमकं काय ऐकलं जातं? मराठी मुलांना ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ची धास्ती असते, पण जास्त नुकसान आघाताने होतं. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर. आपण सगळी अक्षरं सारख्याच वजनाने म्हणतो, मग वाक्यातला महत्त्वाचा शब्द ऐकणाऱ्याच्या हाती लागत नाही. आपली बोली मात्र कुठेही लपवावी लागत नाही. सहज समजणं पुरेसं असतं.

राहिला संवाद. केंब्रिजच्या ‘फर्स्ट’ परीक्षेत दोन उमेदवार एकमेकांशी बोलतात आणि मुद्दा पुढे नेणं, जोडीदाराला वाव देणं यांना स्वतंत्र गुण असतात. तिथे जोडीदार गप्प बसला तर आपली परीक्षा अवघड होते, हा त्या पद्धतीचा दोष. आयईएल्टीएसमध्ये परीक्षक ठरलेल्या चौकटीत प्रश्न विचारतो, म्हणजे एकाला जास्त मदत, दुसऱ्याला कमी असं होत नाही. पण त्या समानतेसाठी संवादाचा स्वतंत्र रकाना तिथे आजही नाही, आणि तो असायला हवा.