रामा, रामचंद्र की रामभाऊ?

मंडळी, समजा जमिनीच्या दाव्यात १९३१ च्या फेरफारात 'रामा गणू', १९३४ च्या खरेदीखतात 'रामचंद्र गणपत' आणि १९६२ च्या जबानीत 'रामभाऊ' आहे. माणूस एक की तिघे? आधी प्रत्येक नाव जसेच्या तसे, पान नंबर घालून उतरवा. खरेदीखतात 'ऊर्फ रामा' असून सर्व्हे नंबरही तोच, म्हणून पहिले दोघे एकच. रामभाऊ मात्र जबानीत वय तीस सांगतो. म्हणजे फेरफाराच्या वेळी तो जन्मलाही नव्हता! आजोबांचे नाव नातवाला ठेवतातच की. त्याची ओळ वेगळी. गाव नुसते 'वडगाव' लिहिलेले असेल, तर बुद्रुक की खुर्द ते सर्व्हे नंबरावरून पाहा. ठरेना, तर रकाना कोराच ठेवा.