गंगावनाचा धंदा: केस कोणत्या बाजूने चढतो?

आपल्याकडे गंगावन होतं, नाटकवाल्यांकडे टोप होता. आता त्यांनाच एक्स्टेन्शन आणि विग म्हणतात. हा धंदा सुरू करणारा पहिल्यांदा फसतो तो खरेदीत.

केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे बारीक खवले असतात, त्यांची तोंडं टोकाकडे. तिरुमलासारख्या देवस्थानात मुंडण होतं तेव्हा जुडी मुळाकडून कापली जाते. ती नीट बांधून ठेवली तर सगळे खवले एका दिशेला राहतात. व्यापारी याला ‘रेमी’ म्हणतात. दुसरा माल म्हणजे गुंतवळ. कंगव्यातून निघालेले हे केस फेरीवाले भांड्यांच्या बदल्यात गोळा करतात. त्यात मूळ-टोक उलटसुलट असतं, म्हणून खवले एकमेकांत अडकतात. ते आम्लाने घालवून वर सिलिकॉन चढवलं की माल नव्यासारखा चमकतो. पाच-सहा धुण्यांत सिलिकॉन उतरतं आणि मग केसांच्या जटा होतात.

‘८ए’, ‘१०ए’ हे दर्जे ज्याचे त्याने ठरवलेले; त्यांना सर्वमान्य मोजमाप नाही. त्यापेक्षा एक केस अंगठा आणि तर्जनीत धरून लांबीच्या दिशेने चोळा. तो हळूहळू मुळाच्या बाजूला सरकतो. जुडीतले दहा केस, टोकं एकाच बाजूला ठेवून, असे तपासा. ते निरनिराळ्या दिशांना गेले तर ती गुंतवळ. एकही हललाच नाही तर खवले घालवलेले असावेत, किंवा माल कृत्रिम असावा. एखादा केस जाळून पाहा: खरा केस पिसासारखा वास देत कुसकरणारी राख होतो, कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. मात्र जाळून रेमी ओळखता येत नाही, कारण गुंतवळही खरा केसच असते.

आता भाव. समजा, १८ इंची एक किलो कच्चा माल २५,००० रुपयांना मिळाला. धुऊन-विंचरून आखूड केस वेगळे काढल्यावर ८५० ग्रॅम उरला. क्लिपचा एक संच १२० ग्रॅमचा धरला तर सातच संच निघतात. म्हणजे एका संचात केसच सुमारे ३,५७० रुपयांचे. शिलाई, क्लिपा आणि डब्याचे ६०० धरले की खर्च ४,१७० होतो. नवा माणूस किलोचा भाव हजाराने भागून १२० ग्रॅमचे केस ३,००० ला पडले असं समजतो आणि दर संचामागे पावणेसहाशे रुपये हरवतो. बदलून द्यावा लागणारा माल आणि दुकानाचा खर्च धरता हा संच सात हजारांच्या खाली विकू नये, असं माझं मत आहे.

उरलेले १५० ग्रॅम आखूड केस अंबाड्याच्या भरावाला चालतात. पिना, बो, क्लिपा ठेवाव्यात, रोजचा गल्ला त्यांच्यावर चालतो.

पहिली खरेदी किलोची करू नका. शंभर ग्रॅम आणा, दहा वेळा धुवा आणि अकराव्या दिवशी कंगवा फिरवून पाहा.